मुख्याध्यापकांना पत्र: वाचनालयात सोडवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा कप्पा हवा (मसुदा बघून सांगा)

दहावी_ब
नमस्कार. सोलापुरातल्या एका अनुदानित शाळेत आम्ही दहावीला आहोत. मराठी आणि सेमी अशा दोन्ही तुकड्या आहेत. आम्हा वर्गप्रतिनिधींना सरांना एक पत्र द्यायचं आहे. मसुदा असा:

"प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: वाचनालयात जुन्या प्रश्नपत्रिका मिळण्याबाबत. महोदय, आम्ही इयत्ता दहावीचे विद्यार्थी नम्र विनंती करतो की, शाळेच्या वाचनालयात मागील दहा वर्षांच्या सर्व विषयांच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह ठेवाव्यात. बाजारातील संच सर्वांना परवडत नाहीत. त्यामुळे आमच्या अभ्यासास खूप मदत होईल. कृपया विचार व्हावा. आपले आज्ञाधारक विद्यार्थी."

हे दिलं तर सर "बघू" म्हणतील आणि विषय संपेल अशी भीती आहे. काय बदलायचं?

कुमारभारती
विषय एका ओळीत आहे, छान. पण दिनांक राहिलाय. नव्या पद्धतीत सगळं डाव्या बाजूला येतं आणि शेवटी ईमेल लिहायचा असतो. पत्राला ६ गुण आहेत, मायना चुकला की पहिला गुण तिथेच जातो. "आज्ञाधारक"ऐवजी "आपले विश्वासू" लिहा, आणि नाव न घालता "अ. ब. क., विद्यार्थी प्रतिनिधी" असं घाला.

दहावी_ब
मॅडम, हा सराव नाही, पत्र खरंच द्यायचं आहे :)

कुमारभारती
अरे देवा. मग अ. ब. क. नको, खरी नावं आणि सह्या हव्यात. दिनांक मात्र तरीही हवा.

सात_रस्ता
लै भारी. परीक्षेतलं मागणीपत्र पयल्यांदा कुणीतरी टपालात टाकतंय. आता सरांनी "जाहिरात वाचून कळले की" असं उत्तर दिलं म्हणजे झालं.

कपाट_नंबर_चार
शाळेच्या वाचनालयाच्या बाजूने सांगतो. या पत्राला "बघू" हेच उत्तर मिळेल, कारण त्यात काम किती आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. मुख्याध्यापकांना तीन गोष्टी कळायला हव्यात: कागद किती, खर्च किती, आणि कुणाचा वेळ जाणार. "दहा वर्षं, सर्व विषय" वाचलं की ते मनातल्या मनात गुणाकार करतात आणि पत्र फाइलला लावतात.

आधी वर्षांचं बघू. दहावीची सध्याची पुस्तकं २०१८-१९ पासून आहेत, म्हणजे त्यांच्यावरची पहिली परीक्षा मार्च २०१९. त्याआधीच्या पत्रिका जुन्या अभ्यासक्रमाच्या आहेत. त्या कप्प्यात ठेवल्या तर नुकसानच, कारण जो धडा आता नाही त्याच्यावर मुलं डोकं फोडत बसतात. २०२१ ला मार्चची परीक्षा झालीच नाही. म्हणजे २०२५ पर्यंत मुख्य परीक्षेची सहा वर्षं उरतात: २०१९, २०२०, २०२२, २०२३, २०२४, २०२५. त्यातही २०२० चा भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, तो कुणाकडे मागत फिरू नका.

आता पत्रिका मोजा. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणिताचे दोन भाग, विज्ञानाचे दोन भाग, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल, म्हणजे नऊ. नऊ सक ५४, त्यातून तो एक भूगोल वजा, ५३. सेमीसाठी गणित-विज्ञानाच्या चार पत्रिका इंग्रजीतून वेगळ्या लागणार, त्या आणखी २४. एकूण ७७ पत्रिका. त्या सगळ्या सोडवून द्या म्हणणं म्हणजे शिक्षकांना वर्षभर दुसरं काम नको म्हणणं. म्हणून मागणी लहान करा.

जुना_सोलापूरकर
दहा वर्षं नको म्हणणं पटत नाही. गणितात जितकी जास्त उदाहरणं तितका हात बसतो. वर्गसमीकरण २०१५ लाही तेच होतं, आजही तेच आहे. शिवाय बोर्डाच्या वेबसाइटवर सगळं उत्तरांसकट असतं, डाउनलोड करा आणि प्रिंट काढा. एवढा खटाटोप कशाला?

फळा_आणि_खडू
पहिलं अर्धं बरोबर, दुसरं नाही. सुटं उदाहरण म्हणून २०१५ चं वर्गसमीकरण चालेल. पण पूर्ण पत्रिका सोडवायची ती वेळेचा आणि आराखड्याचा सराव म्हणून, आणि तो सराव जुन्या पत्रिकेवर होत नाही. आता गणित भाग १ चे ४० गुण असे पडतात: पहिला प्रश्न ८, दुसरा १२, तिसरा ९, चौथा ८, पाचवा ३, वेळ दोन तास. दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नात चौकटी भरायच्या कृती येतात, त्या जुन्या पत्रिकेत सापडणार नाहीत.

वेबसाइटचं म्हणाल तर राज्य परिषदेने २०२०-२१ मध्ये प्रश्नपेढ्या दिल्या होत्या, तुम्ही बहुधा त्या पाहिल्यात. त्या प्रश्नांच्या पेढ्या आहेत. झालेल्या परीक्षेची पायरीवार सोडवलेली उत्तरं ही वेगळी चीज, आणि मुलं नेमकी तीच मागतायत.

एक सूचना पत्रातच घाला: २०२२ ची परीक्षा २५ टक्के कमी केलेल्या अभ्यासक्रमावर झाली आणि वेळही वाढवून दिलेली होती. त्या पत्रिकेवर वरच्या कोपऱ्यात लाल शाईने "कमी केलेला अभ्यासक्रम" असं लिहून ठेवा. नाहीतर मुलं म्हणतात, या प्रकरणावर प्रश्न येतच नाही, आणि ते प्रकरण सोडून देतात. २०१९ ची गोष्टही वेगळी. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण नव्हते, पुढच्या वर्षी ते परत आले. म्हणून त्या विषयांचा २०१९ चा आराखडा आजच्याशी जुळत नाही. गणित-विज्ञानासाठी २०१९ वापरा, भाषेसाठी नको.

जुना_सोलापूरकर
बरं, पूर्ण पत्रिकेपुरतं मान्य. पण सुट्या उदाहरणांची एक वही जुन्या पत्रिकांतून काढून ठेवली तर काय बिघडलं?

फळा_आणि_खडू
काहीच नाही. फक्त ती त्या कप्प्यात नको, शेजारी ठेवा.

दहावी_ब
सर, मग फक्त गणित मागावं का? विज्ञानही हवं होतं.

फळा_आणि_खडू
यंदा गणिताचे दोन भाग मागा. कारण सोडवण्याच्या कामात आहे. बीजगणिताची उत्तरं बहुतेक चिन्हांत असतात, म्हणून मराठी आणि सेमी दोघांना एकच सोडवलेली प्रत पुरते. सहा वर्षं, सहा उत्तरपत्रिका. भूमितीत सिद्धतेला शब्द लागतात. "प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयानुसार" हे कारण सेमीच्या पोराला इंग्रजीतच लिहावं लागतं, म्हणून तिथे सहा दुणे बारा. एकूण अठरा. विज्ञान घेतलंत की दोन भाग, दोन माध्यमं, सहा वर्षं, म्हणजे आणखी चोवीस, आणि तिथे एकही प्रत दोघांना चालत नाही. अठरा उत्तरपत्रिका दिवाळीपर्यंत होतील, बेचाळीस होणार नाहीत.

आता "उत्तरांसह" या शब्दाबद्दल. पत्रात हा शब्द मोघम राहिला तर गाइडमधली शेवटची उत्तरं चिकटवून देतील. तुम्हाला पायऱ्या आणि पायरीचे गुण हवेत, तसं लिहा. एक उदाहरण घेऊन दाखवतो.

"दोन क्रमागत सम नैसर्गिक संख्यांचा गुणाकार १६८ आहे, तर त्या संख्या काढा." पहिली संख्या x मानली, तर दुसरी x + २. समीकरण x(x + २) = १६८, म्हणजे x² + २x − १६८ = ०. अवयव (x + १४)(x − १२) = ०. म्हणून x = −१४ किंवा x = १२. इथे बरीच पोरं थेट "१२ आणि १४" लिहून मोकळी होतात. −१४ का सोडला, तर x नैसर्गिक संख्या आहे म्हणून, हे एक वाक्य लिहायला हवं, आणि गुण कापायला परीक्षकाला तीच जागा सापडते. सोडवलेल्या प्रतीत या वाक्याखाली रेघ हवी आणि समासात त्या पायरीचा गुण हवा. उत्तर १२ आणि १४ आहे हे पोराला गाइडमध्येही दिसतं. गुण कुठे जातो ते गाइडमध्ये दिसत नाही.

अंकगणिती श्रेढीतही तेच. १२, १६, २०, २४... यांचं २४ वं पद म्हणजे १२ + २३ × ४ = १०४. पोरं २४ ने गुणून १०८ आणतात. सोडवलेल्या प्रतीत शेजारी बारीक अक्षरात लिहा: "१०८ आलं असेल तर n − १ घ्यायचं विसरलात." अशी एक-एक ओळ दहा पानी गाइडपेक्षा उपयोगी पडते. समासातले गुण मात्र शिक्षकांच्या अंदाजाचे असतील, मंडळाचे नव्हेत, हे पहिल्याच पानावर छापा.

पालक_अक्कलकोटरोड
माझा मुलगा उर्दू माध्यमात आहे. आमच्याकडे उर्दूतून सोडवलेल्या पत्रिकांचा संच बाजारात सहज मिळत नाही, शोधावा लागतो. तुमची बीजगणिताची एक प्रत आम्हालाही चालेल का? अंक वेगळे लिहितात का, असं त्याला विचारायला हवं.

फळा_आणि_खडू
गणितातल्या चिन्हांच्या ओळी चालतील. शाब्दिक उदाहरणं आणि कारणं तुमच्या शाळेतल्या सरांकडून लिहून घ्यावी लागतील. कन्नड माध्यमाच्या शाळांनाही हेच लागू. बीजगणिताच्या सहा प्रती तयार झाल्या की शाळा-शाळांत देता येतील.

सात_रस्ता
म्हणजे पत्र एका शाळेचं आणि कप्पा गावभर. नवी पेठेतल्या झेरॉक्सवाल्याला आत्ताच सांगून ठेवू का?

कपाट_नंबर_चार
झेरॉक्सचं नाव निघालंच आहे तर तिथे दोन घोटाळे होतात. आलेखाच्या कागदाच्या हिरव्या रेघा झेरॉक्समध्ये इतक्या पुसट येतात की एकसामयिक समीकरणांचा आलेख कोऱ्या कागदावर तरंगल्यासारखा दिसतो. आणि भूमितीच्या रचनेत कंपासचे चाप हलक्या पेन्सिलीचे असतात, ते जातातच. चाप गेले की रचनेच्या प्रतीत शिकण्यासारखं काही राहत नाही. म्हणून झेरॉक्ससाठीची मूळ प्रत वेगळी करा: आलेखाचे अक्ष आणि रेषा काळ्या बॉलपेनने, चाप गडद पेन्सिलीने. झेरॉक्सवाल्याला गडद काढायला सांगा आणि एक पान काढून बघितल्यावरच बाकीची काढायला द्या. परीक्षेत मात्र चाप पेन्सिलीनेच काढायचे, हे त्या पानावर लिहायला विसरू नका.

खर्च बघा. पत्रिका दोन्ही माध्यमांच्या मिळून २४, एक पत्रिका आठ बाजू धरली तर १९२ बाजू. उत्तरं १८, प्रत्येकी दहा बाजू धरल्या तर १८०. एकूण ३७२. बाजूला दोन रुपये धरले तर एका संचाला ७४४ रुपये, दोन संचांना १४८८. त्यात फाइली धरा. पत्रात हाच आकडा टाका. शिक्षक-पालक संघाच्या बैठकीत दीड-दोन हजारांचा विषय पाच मिनिटांत मंजूर होतो, "अंदाजे खर्च" असं मोघम लिहिलं की पुढच्या बैठकीवर जातो.

ठेवण्याबद्दल. सुटे कागद वाचनालयात टिकत नाहीत. स्पायरल केलं की मधलं पान ओढून काढता येतं, आणि काढतातच. प्रत्येक वर्षाची पत्रिका वेगळी स्टेपल करा, चार बॉक्स फाइल घ्या: भाग १ पत्रिका, भाग १ उत्तरं, भाग २ पत्रिका, भाग २ उत्तरं. गठ्ठ्यातल्या प्रत्येक पानावर क्रमांक लिहा, "१० पैकी १" असा. परत घेताना क्रमांक चाळले की पुरतं. दाखल नोंदवहीत फाइलची नोंद एकेक पुस्तक म्हणून करता येते, म्हणजे वार्षिक पडताळणीत ती दिसते. नोंद नसलेली वस्तू हरवली तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

वकील_होटगीरोड
कुणीतरी कॉपीराइटचा मुद्दा काढेलच, म्हणून आधीच. परीक्षेत विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने काढून घेणं, याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. खासगी प्रकाशनाचा अख्खा संच झेरॉक्स करून कप्प्यात ठेवणं ही वेगळी गोष्ट, ते करू नका. शिक्षकांनी स्वतः सोडवलेलं असेल तर प्रश्नच येत नाही.

अभ्यासिका_जुळे_सोलापूर
मला मुळातच शंका आहे. उत्तरं समोर ठेवली की पोरं सोडवत नाहीत, वाचतात. वाचून "कळलं" वाटतं आणि परीक्षेत हात चालत नाही. कप्पा करा, पण नुसत्या पत्रिकांचा.

कपाट_नंबर_चार
म्हणूनच उत्तरांची फाइल वेगळी. पत्रिका घरी न्यायला द्यायची, उत्तरं फक्त वाचनालयात बसून बघायची. उत्तरं मागताना स्वतः सोडवलेली वही दाखवायची, एवढी एकच अट.

अभ्यासिका_जुळे_सोलापूर
वही दाखवायची कुणाला? बऱ्याच शाळांत ग्रंथपाल अर्धवेळ असतो किंवा एखाद्या शिक्षकाकडेच वाचनालयाची किल्ली असते. शाळा दोन सत्रांत भरते. दहावी सकाळी आणि किल्ली दुपारच्या सत्रात. मग अट राहते आणि कपाट बंद राहतं.

फळा_आणि_खडू
मुद्दा रास्त आहे. वही तपासायची नसते, फक्त पानांवर काहीतरी सोडवलेलं दिसलं की झालं. पण किल्लीचं खरं आहे. पत्रात वेळ मागा: शाळा सुटल्यावर अर्धा तास, आठवड्यातले ठरलेले दोन वार. रोज मागितलं तर एकही दिवस मिळणार नाही.

कुमारभारती
एक वेगळी गोष्ट सुचवते. निकालानंतर विद्यार्थी आपल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवू शकतो. मागच्या वर्षीच्या कुणी गणिताची मागवली असेल तर ती बघायला मिळणं सगळ्यात मोलाचं, कारण परीक्षकाने गुण कुठे दिले नि कुठे कापले ते त्यावर दिसतं. बैठक क्रमांक आणि नाव पूर्ण झाकून, लेखी संमती घेऊन.

वकील_होटगीरोड
संमती असली तरी शाळेच्या कपाटात ठेवण्याआधी मुख्याध्यापकांना विचारा. माझं मत, ही मागणी या पत्रात नको, पत्र अडकेल.

कुमारभारती
मला नाही वाटत अडकेल. पण वेगळ्या पत्रात घातलं तरी चालेल.

पालक_अक्कलकोटरोड
त्याला विचारलं. अंक इंग्रजीच लिहितात म्हणे. म्हणजे आम्हालाही प्रती द्या.

दहावी_ब
सगळ्यांचे आभार. नवा मसुदा:

"प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: वाचनालयात दहावी गणिताच्या सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांचा कप्पा सुरू करण्याबाबत.
महोदय, मार्च २०१९ पासूनच्या (२०२१ वगळून) सहा मुख्य परीक्षांच्या गणित भाग १ व भाग २ च्या प्रश्नपत्रिका, मराठी व सेमी दोन्ही माध्यमांच्या, वाचनालयात उपलब्ध व्हाव्यात ही विनंती. प्रत्येक पत्रिकेचे उत्तर पायऱ्यांसह आणि समासात अंदाजे गुण दाखवून असावे. एकूण उत्तरपत्रिका अठरा. दर शनिवारी आम्ही विद्यार्थी गटाने एक पत्रिका सोडवून देऊ, विषयशिक्षकांनी ती तपासावी. दोन संचांचा झेरॉक्स खर्च सुमारे १५०० रुपये आहे, तो शिक्षक-पालक संघापुढे ठेवावा. फाइली, नोंदवही आणि पाने मोजण्याचे काम दोन्ही तुकड्यांचे प्रतिनिधी करतील. पत्रिका घरी व उत्तरे वाचनालयातच, अशी व्यवस्था असावी. मंगळवारी व शुक्रवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास वाचनालय उघडे मिळावे. यंदा फक्त गणित, विज्ञानाबद्दल दिवाळीनंतर पुन्हा भेटू. आपले विश्वासू,"

खाली दोन्ही तुकड्यांच्या सह्या.

फळा_आणि_खडू
आता हे पत्र आहे. एकच दुरुस्ती. अठरा शनिवार धरले तर जुलैपासून सुरू करून नोव्हेंबर उजाडतो, त्यात सहामाही आणि दिवाळीची सुट्टी. एका शनिवारी दोन गट करा, एक भाग १, एक भाग २. भूमितीच्या बाराचं इंग्रजी-मराठी काम वाटून घ्या, सेमीच्या मुलांनी आकृती न काढता फक्त कारणं इंग्रजीत लिहायची, आकृती मराठीच्या प्रतीतली वापरायची.

सात_रस्ता
शुक्रवार नको बे, आठवडाभराचं राहिलेलं सगळं शुक्रवारीच निघतं. सोमवार घ्या.

कपाट_नंबर_चार
वार सरांवर सोडा, "आठवड्यातून दोन वार" एवढंच लिहा. आणि पत्राच्या दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती स्वतःकडे ठेवा, पुढच्या महिन्यात विचारायला जाताना तोच क्रमांक सांगायचा.